मोबाइलच्या स्क्रीनवर जागा कोणाला?

देवगड हापूस थेट बागेतून विकणारे एक छोटे ऑनलाइन दुकान डोळ्यांसमोर आणा. एप्रिल चालू आहे. ठाण्यातल्या एका बाईंनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात आलेली लिंक दाबली आणि दोन डझनांच्या बॉक्सचे पान उघडले. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या आहेत: भाव काय, आंबा कच्चा येणार की पिकलेला, आणि घरी कधी पोहोचणार. पान उघडताच खालून कुकींची पट्टी वर येते. पाच सेकंदांनी उजव्या कोपऱ्यातला चॅटचा गोळा ‘नमस्कार, काही मदत हवी आहे का?’ असे विचारतो. आठव्या सेकंदाला दहा टक्के सवलतीची चौकट सगळे पान झाकते. ती बंद केली की ब्राउझर विचारतो, ‘या साइटला नोटिफिकेशन पाठवू द्यायचे का?’ भाव अजून दिसलेलाच नाही.

हे दुकान मी उदाहरणासाठी रचले आहे, पण छोट्या व्यावसायिकांच्या साइट बांधताना आणि दुरुस्त करताना अशी पाने माझ्यासमोर सतत येतात. म्हणून हेच पान मोजून पाहू, कारण मोजल्याशिवाय हा प्रश्न नुसत्या नापसंतीचा वाटतो.

आपल्याकडच्या पुष्कळ अँड्रॉइड फोनची स्क्रीन ब्राउझरच्या हिशेबात ३६० पिक्सेल रुंद आणि ८०० पिक्सेल उंच असते. हे डिझाइनचे पिक्सेल. प्रत्यक्ष ठिपके त्याहून बरेच जास्त असतात. त्या ८०० मधून वरची घड्याळ-बॅटरीची पट्टी साधारण २४, पत्त्याची पट्टी ५६ आणि खालच्या तीन बटणांची पट्टी ४८ घेते. पानाला उरतात ६७२. आपल्या दुकानाने त्यात ‘दोन बॉक्सवर डिलिव्हरी मोफत’ ही ३६ पिक्सेलची पट्टी आणि त्याखाली नाव व मेनूची ६० पिक्सेलची पट्टी वर चिकटवली आहे. आंब्याचा फोटो चौकोनी, म्हणजे ३६० उंच. तो ९६ वर सुरू होऊन ४५६ वर संपतो. कुकींची पट्टी १९६ उंच आहे आणि तळाला चिकटलेली आहे, म्हणजे ती ४७६ पासून सुरू होते. फोटो आणि पट्टी यांच्या मध्ये उरले २० पिक्सेल. त्यात मालाच्या नावाची एक ओळसुद्धा नीट बसत नाही. ‘बॉक्स मागवा’ हे बटण तळाच्या ६४ पिक्सेलमध्ये होते, ते कुकींच्या पट्टीखाली पूर्ण गाडले गेले.

त्याहून वाईट टक्कर कोपऱ्यात होते. चॅटचा गोळा ६० पिक्सेलचा असून उजवीकडून आणि खालून वीस-वीस पिक्सेल सोडून बसतो. कुकींच्या पट्टीतली दोन बटणे तळापासून १६ पिक्सेलवर आहेत आणि ४४ उंच आहेत. उजवे बटण नेमके गोळ्याखाली येते. उजवे बटण ‘नाकारा’ असेल, तर या पानावर कुकी नाकारण्याची सोय कागदावर आहे आणि बोटाला नाही.

असे पान कोणी ठरवून बनवत नाही. कुकींची पट्टी वेबसाइट बनवणाऱ्याने ‘हल्ली लागते’ म्हणून घातली. चॅट मालकाच्या भावाने एका प्रदर्शनात पाहून सुरू केला. सवलतीची चौकट जाहिराती सांभाळणाऱ्या एजन्सीने टॅग मॅनेजरमधून टाकली. टॅग मॅनेजर म्हणजे वेबसाइटच्या मूळ कोडला हात न लावता बाहेरच्या स्क्रिप्ट चढवण्याचे साधन. नोटिफिकेशनचा प्रश्न दुकानाच्या तयार सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या एका प्लगइनमध्ये आधीपासून चालू होता. चौघांनीही आपापली वस्तू एकटी तपासली आणि ती एकटी ठीक दिसली. ऑफिसातल्या लॅपटॉपवर तर चारही एकमेकांपासून हातभर अंतरावर राहतात. शिवाय प्रत्येकाने आपल्या ब्राउझरमध्ये महिन्यांपूर्वी ‘मान्य’ दाबलेले असते, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला दिसणारे पान त्यांना कधीच दिसत नाही.

ब्राउझर हे थांबवत का नाही, असे वाचकाला वाटेल. पॉपअपचा पहिला अवतार वेगळा होता. १९९०च्या दशकात ट्रायपॉड या कंपनीत काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडण्याचा कोड लिहिला, आणि २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. वेगळी खिडकी ओळखणे ब्राउझरला सोपे होते, म्हणून पॉपअप अडवण्याची सोय लवकरच ब्राउझरमध्येच आली. आजची चौकट ही खिडकी नसतेच. ती पानाचाच एक तुकडा असते, फोटो किंवा परिच्छेदासारखा, फक्त ‘मी स्क्रोल होणार नाही, इतरांच्या वर राहीन’ अशी सूचना घेऊन आलेला. उपयोगी मेनू आणि नकोशी चौकट यांत ब्राउझरला फरक करता येत नाही.

‘इतरांच्या वर’ म्हणजे किती वर, हे `z-index` नावाच्या आकड्याने ठरते. मोठा आकडा वरच्या थराला. यात सर्वात मोठा चालणारा आकडा २१४७४८३६४७ आहे आणि बाहेरून आणलेली पुष्कळ विजेट थेट तोच लावतात. दोघांनी तोच लावला की बरोबरी होते, आणि बरोबरीत पानाच्या रचनेत जो नंतर आला तो वर बसतो. ही विजेट सहसा लोड होताना पानाच्या शेवटी स्वतःला जोडून घेतात, म्हणून नंतर कोण येणार हे नेटवर्कवर अवलंबून राहते. ऑफिसच्या वायफायवर कुकींची पट्टी चॅटच्या वर दिसते, आणि कणकवलीच्या एसटी स्टँडवर, जिथे सिग्नलच्या दोन काड्या आहेत, तिथे चॅट तिच्या वर. ग्राहक तक्रार करतो, दुकानदार पाहतो तर सगळे ठीक. दोघेही खरे बोलत असतात.

दुसरा बिघाड ओळखायला आणखी कठीण आहे. सगळे पान झाकणारी चौकट उघडताना मागचे पान हलू नये म्हणून स्क्रोल बंद करते आणि जाताना आधीची स्थिती परत लावते. आता कुकींची पट्टीही अशीच स्क्रोल कुलूपबंद करणारी असेल तर काय होते ते पाहा. पट्टी प्रथम आली, तिने ‘आधी स्क्रोल चालू होते’ अशी नोंद केली आणि ते बंद केले. मग सवलतीची चौकट आली. तिने ‘आधी स्क्रोल बंद होते’ अशी नोंद केली. माणसाने पट्टीचे बटण दाबले, स्क्रोल चालू झाले. मग चौकट बंद केली, आणि तिने इमानेइतबारे आपल्या नोंदीप्रमाणे स्क्रोल पुन्हा बंद केले. आता स्क्रीनवर काहीही आडवे नाही आणि पान हलत नाही. ‘तुमची साइट अडकते’ एवढेच सांगणारे ग्राहक अनेकदा हेच सांगत असतात. वर काही दिसत नसताना पान स्क्रोल होत नसेल, तर दोन चौकटी कोणत्या क्रमाने बंद झाल्या हे आधी विचारा.

तिसरी गोष्ट अँड्रॉइडवरची. चौकटीचे फुलीचे बटण बारीक असले की लोक सवयीने फोनचे ‘मागे’ बटण दाबतात. साध्या पद्धतीने बांधलेल्या चौकटीला त्या बटणाची खबर नसते, त्यामुळे ब्राउझर माणसाला सरळ मागच्या पानावर, म्हणजे बहुधा साइटच्या बाहेर नेतो. आकडेवारीत ही भेट ‘आला, काही न करता गेला’ अशी नोंदली जाते. त्यावरून मालाचा भाव जास्त आहे का, फोटो चांगले नाहीत का, अशा चर्चा होतात. माणूस खरे तर राहायला तयार होता.

निवड करण्याआधी यादी हवी, आणि ती आठवणीने करू नये. फोनमध्ये खासगी विंडो उघडा, वायफाय बंद करा, पान उघडून एक मिनिट काही न करता स्क्रीन रेकॉर्ड करा. मग तीच लिंक व्हॉट्सॲपमधून आणि इन्स्टाग्राममधून उघडा. इन्स्टाग्राम लिंक आपल्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि त्याला तुमच्या क्रोममधल्या जुन्या उत्तरांची माहिती नसते, त्यामुळे नेहमीच्या ग्राहकालासुद्धा तिथे सगळे प्रश्न पुन्हा विचारले जातात. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला चिकटून राहणाऱ्या वस्तू शोधायला ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एवढे पुरते:

```js
[...document.querySelectorAll('body *')].filter(e =>
  ['fixed', 'sticky'].includes(getComputedStyle(e).position));
```

या क्षणी पानात असलेल्या वस्तूच यात येतात. आठव्या सेकंदाला येणारी चौकट हवी असेल तर दहाव्या सेकंदाला चालवा. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे ती कोणी मागितली त्या माणसाचे नाव लिहा. नाव सापडत नसेल, तर ती वस्तू आठवडाभर बंद करून कोणी विचारते का ते पाहणे हा माझा नेहमीचा मार्ग आहे. बहुतेक वेळा कोणीच विचारत नाही.

कुकींच्या पट्टीचा निर्णय आधी घ्यावा, कारण तिच्यामागे कायदा आहे असे सगळे मानतात आणि म्हणून तिला कोणी हात लावत नाही. कायदा पट्टीबद्दल बोलतच नाही, तो संमतीबद्दल बोलतो. युरोपात २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशात २००९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वापरणाऱ्याच्या यंत्रावर माहिती साठवायला किंवा तिथली माहिती वाचायला आधी संमती लागते. मागितलेली सेवा देण्यासाठी जे अत्यावश्यक आहे त्याला मात्र सूट आहे. आपण टोपलीत टाकलेला बॉक्स पुढच्या पानावर लक्षात राहावा यासाठी ठेवलेली कुकी या सुटीत बसते. जाहिरातीसाठी पाठलाग करणारी बसत नाही. मे २०१८ मध्ये जीडीपीआर लागू झाला आणि संमती म्हणजे काय याची कसोटी कडक झाली. आधीच टिक केलेला चौकोन ही संमती नव्हे, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्लॅनेट४९ खटल्यात सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला, तो कुकी स्वीकारणे एका दाबात आणि नाकारणे अनेक दाबांत ठेवल्याबद्दल. गोळ्याखाली गेलेल्या ‘नाकारा’ बटणाकडे मी केवळ दिसण्याचा दोष म्हणून पाहत नाही, ते यामुळेच.

आपल्या आंब्याच्या दुकानाला हे लागू होते का? म्युनिकमधला मुलगा साइट उघडून ठाण्यातल्या आईवडिलांसाठी बॉक्स मागवू शकतो, एवढ्याने जीडीपीआर लागू होत नाही. युरोपातल्या लोकांना माल किंवा सेवा विकण्याचा हेतू दिसावा लागतो, जसे युरोत भाव किंवा तिथे डिलिव्हरी. नाहीतर तिथल्या लोकांच्या वर्तनावर पाळत ठेवली जात असावी लागते. या दुसऱ्या मुद्द्यामुळे परदेशातल्या मराठी लोकांना मुद्दाम जाहिराती दाखवणाऱ्या दुकानाने वकिलाला विचारलेले बरे. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. त्यात ‘कुकी’ हा शब्द नाही. पण संमती स्वेच्छेने, नेमक्या हेतूपुरती, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असावे, असे तो सांगतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही द्यायचा आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे, तेव्हा इंग्रजी पट्टी चिकटवून काम झाले असे मराठी ग्राहकांच्या दुकानाने मानू नये.

पट्टी खरोखर काही करते का हे तपासायला दोन मिनिटे लागतात, आणि माझ्या मते हीच सर्वात महत्त्वाची तपासणी आहे. लॅपटॉपवर खासगी विंडोत पान उघडा, कोणतेही बटण दाबू नका, आणि ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांत साठवलेल्या कुकींची यादी पाहा. `_ga` ही गूगल ॲनालिटिक्सची आणि `_fbp` ही मेटाच्या जाहिरात-पिक्सेलची. तुम्ही उत्तर देण्याआधीच त्या तिथे असतील, तर पट्टी जोडलेलीच नाही. ग्राहकाच्या स्क्रीनचे १९६ पिक्सेल घेऊन ती त्याला खोटा पर्याय दाखवते आहे. अशा पट्टीचे रंग सुधारत बसू नये. आधी पाठलाग करणाऱ्या स्क्रिप्ट उत्तर येईपर्यंत थांबतील असे करावे, किंवा त्या काढाव्यात.

काढणे हा खरा पर्याय आहे, हे मालकांना सांगावे लागते. आपल्या दुकानाच्या पानावर चार पाठलाग करणाऱ्या स्क्रिप्ट असतील, तर त्यांपैकी दोन मागच्या वर्षी सोडून गेलेल्या एजन्सीच्या असण्याची शक्यता मोठी. सगळ्या गेल्या आणि फक्त टोपलीची कुकी उरली, तर विचारायला काही उरत नाही आणि पट्टीही जाते. हंगामात इन्स्टाग्रामवर जाहिराती चालवायच्या आहेत म्हणून मालकाला एक जाहिरात-पिक्सेल हवा असेल, तर पट्टी ठेवावी, पण लहान: दोन ओळी मजकूर, शेजारी-शेजारी सारख्याच आकाराची आणि सारख्याच ठळकपणाची ‘मान्य’ व ‘नाकारा’ ही बटणे. हे सारे ११२ पिक्सेलमध्ये बसते.

चॅटचा निर्णय कायद्याचा नाही, माणसांचा आहे. पलीकडे कोण बसले आहे? एप्रिलमध्ये या दुकानात तिघे जण सकाळपासून बॉक्स भरत असतात. चॅटवर अकरा वाजता आलेल्या प्रश्नाला दुपारी तीनला उत्तर जाते, तोवर विचारणारा पान बंद करून गेलेला असतो. मागच्या महिन्याभरातले संवाद उघडून दोनच गोष्टी पाहाव्यात: उत्तर किती वेळाने गेले आणि प्रश्न कोणते होते. अशा दुकानात प्रश्न बहुधा चार-पाचच निघतात. पिकलेले येतात का, माझ्या पिनकोडला कधी येतील, खराब निघाले तर काय, रोख चालेल का. ही उत्तरे पानावर, भावाच्या खालीच, चार ओळींत लिहिली की चॅटचे बरेचसे काम संपते.

उरलेल्यांसाठी त्याच ओळींखाली ‘व्हॉट्सॲपवर विचारा’ अशी साधी लिंक द्यावी. `https://wa.me/` नंतर देशाच्या ९१ सह दुकानाचा नंबर, बस. ती दाबेपर्यंत काहीही लोड होत नाही, आणि दाबल्यावर संवाद ग्राहकाच्या फोनमध्ये राहतो, पान बंद केले तरी. चॅट विजेट मात्र कोणी दाबो न दाबो, प्रत्येक भेटीत बरेचदा काही शे किलोबाइटची स्क्रिप्ट उतरवते आणि स्वस्त फोनच्या प्रोसेसरला तेवढा वेळ गुंतवते. ज्या व्यवसायाकडे उत्तर द्यायला खरोखर माणसे बसलेली आहेत, उदाहरणार्थ विमा कंपनी किंवा दवाखाना, त्यांनी विजेट जरूर ठेवावे. पण पानावर आधी फक्त त्याच्यासारखे दिसणारे हलके बटण ठेवून, दाबल्यावरच खरे विजेट आणावे. आणि आपणहून ‘नमस्कार’ म्हणणारा फुगा बंद करावा.

सवलतीची चौकट काढायला मालक सर्वात कमी तयार असतो, कारण तिच्याकडे दाखवायला आकडे असतात. ‘या महिन्यात कूपन घेऊन ९० ऑर्डर आल्या’ असे तिचे साधन सांगते. त्या ९० जणांपैकी किती जण कूपनाशिवायही घेणारच होते, हे ते सांगत नाही. चौकट पाहून किती जण परत गेले, हेही ते मोजत नाही. खरे उत्तर हवे तर येणाऱ्यांपैकी निम्म्यांना, कोणताही निकष न लावता, चौकट दाखवूच नये आणि दोन्ही गटांतल्या एकूण ऑर्डर व एकूण मिळकत पाहावी.

इथे छोट्या दुकानाची एक अडचण आहे. समजा शंभरातले दोन जण विकत घेतात आणि चौकटीमुळे त्यात दहावा हिस्सा फरक पडतो, म्हणजे २ टक्क्यांचे २.२ होतात. एवढा बारीक फरक योगायोग नाही असे भरवशाने म्हणायला प्रत्येक गटात सुमारे ७८ हजार भेटी लागतात. दिवसाला ४०० भेटी असतील तर वर्षाहून अधिक काळ, आणि हापूसचा हंगाम दोन-अडीच महिन्यांत उरकतो. उलट फरक मोठा असेल, २ चे ३ किंवा ३ चे २ होत असतील, तर तो तीनेक आठवड्यांत दिसतो. म्हणून छोट्या दुकानाने अशी चाचणी फक्त मोठे नुकसान किंवा मोठा फायदा पकडायला वापरावी. काही दिसले नाही, तर ‘फरक फार मोठा नाही’ एवढेच समजावे आणि ग्राहकाला कमी अडवणारा पर्याय निवडावा.

बाहेरच्या दोन गोष्टीही या चौकटीच्या विरोधात जातात. गूगलने जानेवारी २०१७ पासून मोबाइलवर शोधातून आलेल्या माणसापुढे मजकूर झाकणाऱ्या चौकटी ही पानाच्या क्रमवारीत उणी बाजू धरायला सुरुवात केली. कायद्याने लागणारी कुकींची किंवा वयाची विचारणा आणि थोडीच जागा घेणाऱ्या पट्ट्या त्यातून वगळल्या. दुसरे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत. ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असे लाजवणारे नकाराचे बटण त्यांतल्या एका प्रकारात बसते, आणि नाही म्हटल्यावरही त्याच विनंतीने पुन्हापुन्हा सतावणे दुसऱ्यात.

आपल्या दुकानाला सवलत द्यायचीच असेल तर तिची जागा भावाच्या शेजारी आहे, सगळ्यांना दिसेल अशी. आणि फोन नंबर गोळा करण्याची वेळ आहे ऑर्डर पूर्ण झाल्यानंतरची. ‘पुढच्या हंगामाची पहिली तोडणी झाली की कळवू का?’ हा प्रश्न ज्याने आत्ताच बॉक्स घेतला त्याला विचारावा. आंबा आवडला तर तोच पुन्हा येणार आहे. भावसुद्धा न पाहिलेल्या माणसाकडून मिळालेला नंबर कूपनापुरता असतो.

नोटिफिकेशनचा प्रश्न पान उघडताच विचारणे तर दुकानाचेच नुकसान आहे. माणसाने ‘नाही’ म्हटले की ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि साइटला पुन्हा विचारता येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन बदलण्याची तसदी फार थोडे घेतात. ज्याला ‘माल संपला, आल्यावर कळवा’ हे बटण दाबायचे होते, त्याचा होकारही आपण आधीच गमावलेला असतो. आयफोनवर तर साइट होम स्क्रीनवर जोडल्याशिवाय वेब नोटिफिकेशन मिळतच नाही.

आता पान पुन्हा मोजू. मोफत डिलिव्हरीची ओळ भावाखाली गेली, चॅटचा गोळा लिंक झाला, चौकट आणि नोटिफिकेशनचा प्रश्न गेला. वर ६० पिक्सेलचा मेनू, खाली ६४ पिक्सेलचे ‘बॉक्स मागवा’. फोटो ३०० उंचीचा केला, तर तो ३६० वर संपतो आणि बटणापर्यंत २४८ पिक्सेल मोकळे राहतात: नाव, भाव, ‘अर्धकच्चा येतो, घरी चार-पाच दिवसांत पिकतो’ आणि डिलिव्हरीची तारीख. जाहिरातीचा पिक्सेल ठेवला तर संमतीची ११२ पिक्सेलची पट्टी बटणाच्या वर बसते. तरी १३६ उरतात, नाव आणि भावाला पुरेसे, आणि बटण झाकले जात नाही.

पट्टीला उत्तर मिळाले की ते उत्तर टिकायला हवे. ‘सहा महिने विचारू नका’ ही नोंद पानातल्या स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीत असेल, तर आयफोनवरचा सफारी ती सात दिवसांत पुसतो. दर आठवड्याला येणाऱ्या ग्राहकाला म्हणून तोच प्रश्न पुन्हा दिसतो आणि दुकानदाराला तो बिघाड वाटतो. सर्व्हरने स्वतः लावलेल्या कुकीला ही मर्यादा सहसा लागत नाही, तेव्हा साइट बांधणाऱ्याला ती तिथून लावायला सांगावे.

यापुढे कोणी नवी वस्तू चढवायची म्हटली की टॅग मॅनेजरमध्ये ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा, आणि त्याने ती ३६० पिक्सेलच्या फोनवर, खासगी विंडोत, मोबाइल डेटावर, संमतीची पट्टी समोर असताना उघडून पाहावी. प्लगइन अद्ययावत झाल्यावरही हेच करावे, कारण बंद केलेला नोटिफिकेशनचा प्रश्न नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा चालू होऊन आलेला मी पाहिला आहे.